सूचनेचा अर्ज होताना

अर्ज कसा भरावा हे सांगणारा परिच्छेद आणि प्रत्यक्ष अर्जाचा कागद या दोन गोष्टी आपल्याकडे बहुधा दोन वेगळ्या माणसांच्या हातून तयार होतात. परिच्छेद लिहितो नियम माहीत असलेला अधिकारी किंवा संस्थेचा चिटणीस. मग तो टंकलेखकाकडे जातो आणि तिथे त्याच्याखाली ठिपक्यांच्या चार-सहा ओळी उमटतात. या दोन टप्प्यांमधले काम, म्हणजे वाक्यांतून रकाने काढणे, त्यांना मथळे देणे, कुठे ओळ आणि कुठे खुणेची चौकट हे ठरवणे, हे सजावटीचे काम समजले जाते. या पुस्तकाची भूमिका वेगळी आहे. परिच्छेदाचा अर्ज करणे म्हणजे नियमाचा अर्थ लावणे. वाक्यात जे मोघम ठेवून भागते ते चौकटीत भागत नाही. चौकट आखणाऱ्याला काहीतरी ठरवावेच लागते, आणि त्याने चुकीचे ठरवले तर मूळ नियमाला कोणी हात न लावताही लोकांच्या दृष्टीने नियम बदललेला असतो.

एक उदाहरण घेऊन हे पाहू. माहितीचा अधिकार अधिनियम 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याखाली महाराष्ट्राने आपले नियम केले. त्या नियमांसोबत अर्जाचा नमुना आहे, जोडपत्र 'अ'. कायदा, नियम आणि जोडपत्र यांत विखुरलेल्या सूचना कार्यालयाच्या फलकावर लावायच्या म्हटल्या, तर त्या साधारण अशा लिहिल्या जातील: अर्जदाराने आपले पूर्ण नाव व पत्ता लिहून माहितीचा विषय, ती ज्या कालावधीशी संबंधित आहे तो कालावधी व आवश्यक माहितीचे वर्णन नमूद करावे, माहिती टपालाने हवी असल्यास साधे, नोंदणीकृत की स्पीड पोस्ट ते लिहावे, अन्यथा व्यक्तिशः घेणार असल्यास तसे नमूद करावे, अर्जासोबत दहा रुपये शुल्क रोख अथवा कोर्ट फी मुद्रांकाद्वारे भरावे, मात्र अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असल्यास शुल्क लागणार नाही, परंतु त्याबाबतच्या पुराव्याची छायाप्रत जोडावी.

यात एकही गोष्ट चुकीची नाही आणि व्याकरणही नीट आहे. तरी हा परिच्छेद समोर ठेवून कोरा कागद भरणाऱ्या माणसाला किती कामे एकदम करावी लागतात ते पाहा. कोणते वाक्य आपल्याला लागू आहे हे त्याने ओळखायचे, जे लागू नाही ते वगळायचे, जे लागू आहे त्यातले काय कागदावर लिहायचे आणि काय फक्त करायचे हे वेगळे काढायचे, आणि शेवटपर्यंत वाचल्यावर मागे येऊन दुरुस्ती करायची. शुल्क माफ आहे हे त्याला शुल्काच्या नंतर कळते. मुद्रांक विकत घेऊन चिकटवल्यावर पुढचे वाक्य वाचणारी माणसे असतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण वाक्यांच्या क्रमाने कृती करणे हेच स्वाभाविक आहे.

ही अडचण अनुभवाच्या पातळीवर सर्वांना माहीत असली, तरी तिचा अभ्यास पद्धतशीरपणेही झाला आहे. पॅट्रिशिया राइट आणि फ्रेझर रीड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रवासाचे साधन कोणते निवडायचे याचे 'अमुक असल्यास तमुक' स्वरूपाचे नियम त्यांनी चार प्रकारे मांडले: सरकारी वळणाचे गद्य, सुटी छोटी वाक्ये, फाट्यांची आकृती आणि तक्ता. कागद समोर ठेवून प्रश्न सोडवताना गद्य वापरणारे सर्वांत मागे पडले. त्यांना वेळही जास्त लागला आणि चुकाही जास्त झाल्या. प्रश्न अवघड असताना फाट्यांच्या आकृतीने चुका कमी केल्या. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. कागद काढून घेऊन आठवणीवर काम करायला सांगितले, तेव्हा आकृती आणि तक्त्याचा वरचष्मा टिकला नाही. म्हणजे गद्य सर्वत्र वाईट, असे या अभ्यासातून निघत नाही. निघते ते एवढेच, की समोर धरून त्याबरहुकूम काही करायचे असेल तेव्हा अटींनी भरलेले गद्य हे सर्वांत वाईट साधन आहे. अर्ज भरणे हे नेमके तसे काम आहे. नियम समजून घेऊन लक्षात ठेवणे हे काम वेगळे, आणि त्यासाठी अर्जाच्या वर दोन-तीन साधी वाक्ये ठेवायला या पुस्तकाचा विरोध नाही.

आता फलकावरचा परिच्छेद सोडवू. पहिली पायरी म्हणजे त्यातले प्रत्येक विधान कोणत्या जातीचे आहे ते ठरवणे. काही विधाने अर्जदाराकडून मजकूर मागतात: नाव, पत्ता, विषय, वर्णन. त्यांना लिहिण्याची जागा लागते. काही विधाने निवड मागतात: टपालाने की व्यक्तिशः. त्यांना खुणेच्या चौकटी लागतात. काही विधाने अर्जदाराची परिस्थिती विचारतात: दारिद्र्यरेषेखाली आहे की नाही. आणि काही फक्त कृती सांगतात: मुद्रांक लावा, छायाप्रत जोडा. कृती सांगणाऱ्या विधानाला रकाना नको. ते ज्या उत्तरातून उद्भवते त्या उत्तराच्या शेजारी बसवायचे असते. मराठी सूचनांत जिथे जिथे 'असल्यास' येते तिथे एक प्रश्न दडलेला असतो. तो शोधून आधी विचारला की त्याच्यामागची सूचना आपोआप योग्य माणसापुरती उरते. त्या परिच्छेदात असे दोन प्रश्न आहेत आणि त्यांपैकी टपालाच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक निवड आहे. ते असे उतरवता येतात:

माहिती कशी हवी? (एकाच ठिकाणी ✓ करा)
☐ मी स्वतः कार्यालयात येऊन घेईन
☐ टपालाने पाठवा → कोणत्या टपालाने? ☐ साधे ☐ नोंदणीकृत ☐ स्पीड पोस्ट

आपण दारिद्र्यरेषेखालील आहात का?
☐ होय → शुल्क नाही. पुराव्याची छायाप्रत जोडा.
☐ नाही → शुल्क 10 रुपये. कसे भरले? ☐ रोख ☐ कोर्ट फी मुद्रांक

नियमांतल्या जोडपत्राशी याची तुलना केली तर दोन फरक दिसतात. जोडपत्रातही हे प्रश्न क्रमांक घालून वेगळे केलेले आहेत, आणि फलकावरच्या परिच्छेदापेक्षा ते नक्कीच बरे आहे. पण टपालाचे तीन प्रकार तिथे कंसात दिले आहेत आणि उत्तर कसे द्यायचे हे अर्जदारावर सोडले आहे. कोणी गोल करतो, कोणी खोडतो, कोणी पुन्हा लिहितो. खोडले म्हणजे नको की हवे, हा प्रश्न मग कारकुनापुढे उभा राहतो. दुसरे, दारिद्र्यरेषेचा प्रश्न तिथे अगदी शेवटी आहे. माझ्या मते तो शुल्काच्या लगतच आधी असायला हवा, कारण त्याच्या उत्तरावर खर्च अवलंबून आहे.

वरच्या मांडणीत 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी का, 'मी दारिद्र्यरेषेखालील आहे' अशी एकच चौकट का नको, असे कोणी विचारील. एकच चौकट रिकामी राहिली तर तिचे दोन अर्थ होतात: लागू नाही, किंवा नजरेतून सुटली. परत आलेल्या कागदावरून यांतले कोणते ते कधीच कळत नाही. दोन्ही चौकटी रिकाम्या असतील तर मात्र प्रश्न नजरेतून सुटला आहे हे निश्चित कळते आणि अर्जदाराला विचारता येते. जिथे पैसे, सवलत किंवा हक्क उत्तरावर ठरतो तिथे एकट्या चौकटीवर विसंबू नये. उलट, 'लागू असतील त्या सर्व ठिकाणी ✓ करा' अशा यादीत एकेक चौकट पुरते. पण मग तसे शब्दांत लिहिलेच पाहिजे, कारण छापील कागदावर 'एकच निवडा' आणि 'हवे तितके निवडा' या दोन्ही चौकटी दिसायला सारख्याच असतात.

चौकटी आखताना परिच्छेदाने लपवलेले प्रश्नही वर येतात. टपालाने हवी असे म्हटले, पण टपालाचा प्रकार निवडला नाही, तर काय करायचे? परिच्छेद याबद्दल गप्प आहे आणि वाचताना ते खटकत नाही. अर्जात तिथे तीन रिकाम्या चौकटी दिसतात आणि कार्यालयाला काहीतरी ठरवावे लागते. ठरवले तर तेही त्याच ओळीत छापायला हवे. 'कालावधी' या शब्दाचेही तसेच. नुसती ओळ दिली की कोणी '2022' लिहितो, कोणी 'मागील तीन वर्षे' लिहितो, कोणी 'आजपर्यंत'. '____ पासून ____ पर्यंत' एवढे दोन रकाने दिले की मोघमपणा बराच कमी होतो, आणि आर्थिक वर्ष की दिनदर्शिकेचे वर्ष हा घोळही टळतो.

खरी कसोटी लागते ती वर्णनाच्या रकान्यावर. महाराष्ट्राने 2012 मध्ये नियमांत भर घालून एका अर्जात एकच विषय आणि विनंती सामान्यतः 150 शब्दांपर्यंत, अशी मर्यादा आणली. ती मर्यादा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण ती असताना अर्जात किती जागा द्यायची याचा हिशेब करता येतो. हाताने लिहिताना मराठीचे सात-आठ शब्द एका ओळीत बसतात, म्हणजे 150 शब्दांना वीसेक ओळी. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन रेघांत निदान आठ मिलिमीटर अंतर हवे. वीस ओळींचे झाले सोळा सेंटिमीटर. ए-फोर कागद एकोणतीस सेंटिमीटरच्या थोडा वर उंच असतो; समास सोडले तर लिहिण्याजोग्या उंचीच्या अर्ध्याहून बरेच अधिक एवढ्या एका रकान्याला लागते. आता प्रत्यक्षात काय होते? अर्ज एका पानात बसवायचा असा आग्रह असतो, नाव-पत्त्याला आणि शिक्क्यांना जागा आधी दिली जाते, आणि वर्णनाच्या वाट्याला पाच ओळी उरतात. नियमाने 150 शब्द दिले होते. कागदाने त्यातले चाळीसच ठेवले. असे करायचे नसेल तर अर्ज दोन बाजूंनी छापावा किंवा 'जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडा' हे रकान्याच्या मथळ्यातच, सुरुवातीला लिहावे. पानाच्या तळाशी लिहिलेले ते वाक्य भरणाऱ्याला उशिरा सापडते.

नावाच्या रकान्याबद्दल इथे थांबायला हवे, कारण इंग्रजी अर्जांची नक्कल करताना मराठी अर्ज सर्वांत जास्त इथे बिघडतात. रोमन लिपीत एका अक्षराला एक चौकोन ही पद्धत चालते. देवनागरीत 'लक्ष्मण' या नावाला किती चौकोन? जोडाक्षर एक धरले तर तीन, व्यंजने मोजली तर पाच, आणि वेलांटीला स्वतंत्र चौकोन देणारेही आढळतात. यावर लोकांत एकमत नाही आणि शिकवूनही ते होणार नाही. म्हणून मराठी अर्जात चौकोनांची माळ फक्त अंकांसाठी ठेवावी: पिनकोडला सहा, मोबाइलला दहा. तिथे चौकोनांचा खरा उपयोग आहे, कारण अंक कमी पडला तर भरणाऱ्याला लगेच दिसतो. नावाला मोकळी ओळ द्यावी आणि मथळा ओळीच्या वर छापावा. ओळीच्या खाली बारीक टायपात छापलेला मथळा लिहिणाऱ्याच्या हाताखाली झाकला जातो, आणि डावीकडे छापलेला मथळा लांब असला की ओळच आखूड होते. नावाचा क्रमही सांगावा लागतो, कारण आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते आणि बोलताना शेवटी. मधले नाव कोणाचे, हाही आता गृहीत धरण्याचा प्रश्न राहिलेला नाही. 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नोंदींत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. जुन्या आणि नव्या नोंदी एकाच कागदावर मागणाऱ्या अर्जाला म्हणूनच स्वतंत्र मथळ्यांचे रकाने लागतील.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वाक्यात बारकावे मावतात, चौकटीत मावत नाहीत. चौकट माणसाला दोन-तीन उत्तरांत कोंडते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मतदार नोंदणीच्या नमुना 6 मध्ये मिळतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 मध्ये कलम 23 ला जोडलेल्या तरतुदींनुसार नोंदणी अधिकारी आधार क्रमांक मागू शकतो. पण पुरेशा कारणामुळे तो देता आला नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही. 2022 मध्ये आलेल्या सुधारित नमुन्यात मात्र अर्जदारापुढे दोनच वाटा होत्या: आधार क्रमांक लिहा, किंवा 'माझ्याकडे आधार क्रमांक नाही' म्हणून देऊ शकत नाही, यावर खूण करा. ज्याच्याकडे आधार आहे पण अन्य कारणाने जो तो देत नाही, त्याला खूण करायला जागाच नव्हती. खोटे लिहायचे की क्रमांक द्यायचा, एवढेच त्याच्या हाती उरले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आधार देणे अनिवार्य नाही, असे निवडणूक आयोगाने सप्टेंबर 2023 मध्ये तिथे सांगितले आणि नमुन्यांत स्पष्टीकरणाचे बदल करण्याचा विचार असल्याचेही सांगितले. कायद्यातली 'पुरेसे कारण' ही रुंद जागा चौकट आखताना एका कारणापुरती अरुंद झाली होती.

पण यावरून परिच्छेदाकडे परत जावे असे ठरत नाही. नमुना 6 मधला दोष सापडला, दाखवता आला आणि न्यायालयापुढे मांडता आला, कारण तो चौकटीत होता. तीच अट परिच्छेदात असती, तर प्रत्येक कार्यालयाने ती आपापल्या परीने वाचली असती आणि कुठे काय घडले हे कोणाला कळलेही नसते. यातून घ्यायचा नियम साधा आहे: मूळ तरतुदीत जितके पर्याय आहेत तितकी उत्तरे अर्जात असलीच पाहिजेत, आणि तरतुदीने कारण उघडे ठेवले असेल तर अर्जातही 'अन्य कारण: ________' अशी लिहिण्याची ओळ हवी. शेवटची चौकट आणि तिच्यापुढची रेघ काटकसरीसाठी गाळली की बारकावे जातात. चौकटीच्या स्वभावामुळे ते जात नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की छापील अर्ज आला की साधा हाताने लिहिलेला अर्ज परत केला जातो. ज्याला रकाने कळत नाहीत त्याच्यासाठी ती नवी भिंत होते. माहिती अधिकाराच्या बाबतीत कायद्यानेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. कलम 6 नुसार लेखी विनंती पुरते, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी उतरवून घ्यायला मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. चांगला अर्ज हे काम सोपे करतो, कारण मदत करणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे ते त्याच्यापुढे क्रमाने असते. अर्जाचा कागद नाही म्हणून विनंती नाकारणे हा वापराचा दोष आहे, आणि तो रोखण्यासाठी अर्जाच्या माथ्यावर 'हाच नमुना वापरण्याची सक्ती नाही' एवढे एक वाक्य छापावे, असा माझा आग्रह आहे.

याहून मोठा धोका अर्ज आखणाऱ्याच्या हातात असतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. परिच्छेदात नवे वाक्य घालायचे म्हटले की माणूस विचार करतो. अर्जात नवा रकाना घालायला काहीच लागत नाही. वय, व्यवसाय, वडिलांचे नाव, जात, 'माहिती कशासाठी हवी' असे रकाने सहज वाढत जातात, कारण दुसऱ्या कुठल्यातरी अर्जात ते असतात. माहिती अधिकाराच्या कलम 6(2) मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की अर्जदाराला कारण विचारता येणार नाही आणि संपर्कासाठी लागेल त्यापलीकडची वैयक्तिक माहिती मागता येणार नाही. म्हणजे 'कारण' हा रकाना छापणे हेच कायद्याविरुद्ध आहे. अर्जदाराने तो रिकामा सोडला तरी छापणाऱ्याची चूक उरते. मोबाइल क्रमांक हवाच असेल तर मथळ्यातच 'ऐच्छिक' असे लिहायला हवे. म्हणून परिच्छेदातून अर्ज तयार झाल्यावर उलटी तपासणी करावी: प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून तो परिच्छेदातल्या कोणत्या शब्दांतून आला हे दाखवता आले पाहिजे. दाखवता आले नाही तर रकाना काढून टाकावा.

अर्ज फसला आहे हे ओळखण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. भरून आलेले कागदच ते सांगतात. समासात काही लिहिलेले असेल तर तिथे एक पर्याय कमी आहे. एकाच रकान्यात पुन्हा पुन्हा खाडाखोड असेल तर मथळा दोन अर्थांचा आहे. दोन चौकटींपैकी दोन्हींवर खुणा असतील तर 'एकच निवडा' ही सूचना दिसलेली नाही, किंवा ते पर्याय खरोखरच एकमेकांना वगळत नाहीत. सोबतच्या कागदांशिवाय आलेले अर्ज जास्त असतील तर 'जोडा' हे वाक्य उत्तरापासून लांब पडले आहे. हे दोष मोठ्या छपाईच्या आधी सापडावेत म्हणून मोजक्या प्रती काढाव्यात आणि मुद्दाम वेगवेगळ्या परिस्थितीतल्या माणसांकडून भरून घ्याव्यात: एक शुल्क माफ असलेला, एक बाहेरगावी राहणारा, एक लांबलचक वर्णन लिहिणारा. अर्ज आखणाऱ्याने स्वतः भरून पाहणे पुरेसे नाही, कारण त्याला सगळी उत्तरे आधीच माहीत असतात.

पुढच्या प्रकरणांत याच पद्धतीने शाळाप्रवेश, गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व आणि बँकेतील वारस नोंदणी यांचे परिच्छेद सोडवून दाखवले आहेत. वाचकांना एकच विनंती आहे. प्रत्येक प्रकरणात आधी मूळ परिच्छेद दिला आहे. पान उलटून तयार अर्ज पाहण्याआधी पेन्सिल घेऊन त्यातल्या प्रत्येक 'असल्यास', 'अन्यथा' आणि 'मात्र' भोवती गोल करा आणि आपला अर्ज आपण आखा. आमच्या अर्जात नसलेला एखादा पर्याय तुम्हाला सापडला, आणि मूळ नियमात त्याला आधार असेल, तर तुमचाच अर्ज बरोबर माना.